मोफत कुठपर्यंत आणि पैसे कुठून पुढे?

वाचकाचे पत्र

आम्ही दोघांनी डिझायनर मंडळींसाठी एक सॉफ्टवेअर केले आहे. डिझायनर त्यावर आपला मसुदा चढवतो आणि क्लायंटला लिंक पाठवतो. क्लायंट चित्रावर नेमक्या जागी टिपा लिहितो आणि शेवटी ‘मंजूर’ हे बटण दाबतो. मोफत आवृत्तीत एकूण तीन प्रोजेक्ट आणि दर प्रोजेक्टला अभिप्राय देणारी दोनच माणसे चालतात. पैसे भरले की या दोन्ही मर्यादा उठतात, शिवाय सहकारी जोडता येतात, स्वतःचा लोगो लावता येतो आणि मंजुरीची नोंद उतरवून घेता येते. वर्षभरात ६,४०० खाती उघडली गेली, पण पैसे भरले फक्त ४६ जणांनी. भागीदार म्हणतो, मोफत एकच प्रोजेक्ट ठेवू, म्हणजे लोक पैसे भरतीलच. मला वाटते, उलट मोफत आवृत्ती आणखी मोकळी करावी, म्हणजे नाव पसरेल. वर्षाच्या नोंदींचा तक्ता सोबत जोडला आहे. कुणाचे बरोबर?

उत्तर

तुम्ही तक्ता जोडलात हे फार चांगले केलेत, कारण या प्रश्नाचे उत्तर मतांमध्ये नाही, त्या तक्त्यात आहे. मी तो दोन दिवस समोर ठेवून वाचला. भागीदाराचा उपाय अमलात आणला तर नुकसान होईल असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तुमचा उपाय निरुपद्रवी आहे, पण त्यातून तुम्हाला अपेक्षित असलेले पैसे येणार नाहीत. मर्यादा कडक हवी की सैल, यावर तुम्ही दोघे वाद घालत आहात. मला मात्र ती चुकीच्या ठिकाणी घातलेली दिसते.

सुरुवात ४६ भागिले ६,४०० या आकड्यापासून करू, कारण तुमच्या दोघांच्याही काळजीचे मूळ तेच आहे. हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येते आणि ते पाहून कोणाचेही मन खट्टू होईल. परंतु त्या ६,४०० खात्यांपैकी किती जणांनी तुमचे सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने एकदा तरी वापरले? माझ्या मते वापर म्हणजे मसुदा चढवला, क्लायंटला लिंक गेली आणि क्लायंटची निदान एक टीप परत आली, एवढे वर्तुळ पूर्ण होणे. तुमच्या तक्त्यानुसार असे लोक ६१० आहेत. उरलेल्या लोकांनी खाते उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि ते निघून गेले. त्यांनी पैसे का भरले नाहीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ज्या कामासाठी पैसे मागायचे ते काम त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. वर्तुळ पूर्ण केलेल्या ६१० पैकी ४६ म्हणजे साडेसात टक्के होतात. या घटकेला तुमच्या वस्तूची किंमत लोकांना पटते आहे. त्यामुळे पुढचे सगळे गणित ६१० च्या हिशेबानेच करा.

आता ४६ जणांनी पैसे भरण्याआधी शेवटचा कोणता पडदा पाहिला होता, ते पाहू. तिसरा अभिप्राय देणारा जोडताना अडून १९ जणांनी पैसे भरले, सहकारी जोडण्यासाठी १३ जणांनी, चौथा प्रोजेक्ट उघडताना ८ जणांनी आणि मंजुरीची नोंद उतरवून घेण्यासाठी ६ जणांनी. एवढ्यावर थांबलो तर अभिप्राय देणाऱ्यांची मर्यादा हीच तुमची सर्वांत यशस्वी मर्यादा ठरते आणि ती आणखी आवळण्याचा मोह होतो. पण प्रत्येक मर्यादेपाशी पैसे किती जणांनी भरले याबरोबरच तिच्यापाशी एकूण किती जण अडले आणि अडल्यावर त्यांनी काय केले, हेही पाहावे लागते. मर्यादेची पारख करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

अभिप्राय देणाऱ्यांच्या मर्यादेपाशी ३१० जण अडले. त्यांची मी दोन गटांत विभागणी केली. एका गटात आपल्या पहिल्याच प्रोजेक्टमध्ये अडलेले लोक घेतले आणि दुसऱ्या गटात दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या प्रोजेक्टमध्ये अडलेले. पहिल्या गटात २०५ जण होते आणि त्यांतल्या केवळ ३ जणांनी पैसे भरले. दुसऱ्या गटात १०५ जण होते आणि त्यांतल्या १६ जणांनी भरले. मर्यादा तीच, किंमत तीच आणि सूचनेचे शब्दही तेच. तरीही एकीकडे दीड टक्का आणि दुसरीकडे पंधरा टक्के.

हा फरक कुठून येतो, ते त्या माणसाच्या जागी उभे राहिल्यावर कळते. डिझायनर पहिल्यांदाच तुमचे सॉफ्टवेअर वापरून पाहतो आहे. क्लायंटला त्याने मोठ्या उत्साहाने लिंक पाठवली आहे. क्लायंटचे उत्तर येते, “छान आहे, आमच्या विक्री विभागाच्या प्रमुखांनाही जोडा.” तो जोडायला जातो आणि त्याच्या समोर पैशांची पाटी येते. या साधनाने आपला वेळ वाचतो की नाही, हे त्याला अजून ठाऊक नाही. टिपा आल्या, दुसरा मसुदा गेला, मंजुरी मिळाली, यांतले काहीच त्याने अनुभवलेले नाही. साहजिकच तो चित्र ईमेलने पाठवून मोकळा होतो आणि तुमच्याकडे परत येत नाही. दुसऱ्या प्रोजेक्टवर अडलेल्या माणसाच्या पाठीशी मात्र एक पूर्ण झालेले काम असते. ईमेलच्या लांबलचक माळेतून टिपा वेचण्याच्या कामाकडे परत जायचे, की पैसे भरायचे, याची तुलना तो अनुभवाने करू शकतो.

येथे एक सावधगिरीही सांगायला हवी. जे दुसऱ्या प्रोजेक्टपर्यंत आले ते मुळातच अधिक गरजू होते, त्यामुळे पहिल्या प्रोजेक्टमधली मर्यादा उठवली की त्या २०५ जणांपैकीही पंधरा टक्के लोक पैसे भरतील असा हिशेब कृपया मांडू नका. त्यांतले बरेच जण तरीही गेलेच असते. माझा दावा एवढाच आहे की पहिल्या कामाच्या मध्यावर आलेली मर्यादा तुम्हाला जवळपास काहीच मिळवून देत नाही आणि जे थांबू शकले असते त्यांनाही घालवते.

यावरून भागीदाराच्या सूचनेचे काय होते तेही दिसते. मोफत एकच प्रोजेक्ट ठेवला, तर दुसरा प्रोजेक्ट मोफत करता येणारच नाही. आज ज्या लोकांकडून तुम्हाला पंधरा टक्क्यांच्या प्रमाणात पैसे मिळतात, ते लोक त्या स्थितीपर्यंत पोहोचण्याची वाटच तुम्ही बंद कराल. सवय लागण्यासाठी जेवढे वापरावे लागते, तेवढे मोफत आवृत्तीत मावलेच पाहिजे.

तुमच्या म्हणण्याचाही हिशेब करू. मोकळे सोडले की नाव पसरेल, या विचाराला तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये निश्चितच आधार आहे, कारण प्रत्येक डिझायनर आपल्या क्लायंटला ते आपणहून दाखवतो. तक्त्याप्रमाणे, टिपा लिहायला आलेल्या दर १०० जणांमागे ९ जण पुढे स्वतःचे खाते उघडतात. हे प्रमाण चांगले आहे. पण एकूण खात्यांपैकी पैसे भरणारे एक टक्क्याहून कमी असल्यामुळे, या वाटेने एक पैसे भरणारा मिळवायला सुमारे दीड हजार अभिप्राय देणारे यावे लागतात. अशी आलेली खाती सरासरीपेक्षा दुप्पट चांगली निघाली असे धरले, तरीही साडेसातशे लागतात. अभिप्राय देणाऱ्यांची मर्यादा उठवावी असे मीही म्हणणार आहे, पण त्याचे कारण पसरणारे नाव हे नाही. पहिले काम पुरते व्हावे, हे त्याचे कारण आहे. कारण चुकीचे धरले तर चार महिन्यांनी चुकीचा आकडा तपासत बसाल आणि निराश व्हाल, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

आता ‘एकूण तीन प्रोजेक्ट’ या मर्यादेकडे वळू. तक्त्यातली मला सर्वांत बोलकी वाटलेली नोंद येथेच आहे. चौथा प्रोजेक्ट उघडताना २४० जण अडले, त्यांतल्या ८ जणांनी पैसे भरले आणि १५२ जणांनी पुढच्या दहा मिनिटांत एक जुना प्रोजेक्ट पुसून टाकला. तुमची मर्यादा लोकांना पैसे भरायला लावत नाही, आपलाच जुना दप्तरसाठा जाळायला लावते. आणि तो साठा म्हणजेच तुमच्याकडे राहण्याचे त्यांचे सर्वांत मोठे कारण असते. सहा महिन्यांनी एखादा क्लायंट विचारतो, “तो लाल रंग आम्ही नाकारला होता ना?” तेव्हा जुन्या टिपा उघडून दाखवता येणे, हे तुमच्या सॉफ्टवेअरचे खरे मोल आहे. पुसणाऱ्या १५२ जणांना ते कधीच कळणार नाही, कारण त्यांचे खाते कायम तीन प्रोजेक्टचेच राहणार. मोजमाप ज्या गोष्टीचे आहे ती पुसून जागा करता येत असेल, तर लोक ती पुसतात, असे गृहीत धरूनच मर्यादा ठरवावी.

एकूण साठ्यावर मर्यादा घालण्यात आणखीही एक अडचण असते. स्लॅकच्या मोफत आवृत्तीत कित्येक वर्षे सर्वांत अलीकडचे १०,००० संदेशच पाहता येत. गप्पिष्ट गट काही आठवड्यांतच तेथे पोहोचत असे, तर मितभाषी गटाला ते कधीच भरत नसत. त्यामुळे आपल्याला मर्यादा केव्हा लागणार याचा अंदाज वापरणाऱ्यालाही नसे. सप्टेंबर २०२२ मध्ये स्लॅकने ती मोजणी सोडून सर्वांसाठी ९० दिवसांचा इतिहास असा नियम केला. हा नियम सर्वांना आवडला असे नाही, पण तो कुणालाही एका वाक्यात सांगता येतो आणि आधी ओळखता येतो. तुमच्या बाबतीत मी कालमर्यादाही सुचवणार नाही, कारण जुन्या टिपा हेच तुमचे मोल आहे हे नुकतेच पाहिले. स्लॅककडून घ्यायचे ते एवढेच, की मोजणीचे एकक बदलले की मर्यादा कुणाला लागते तेही बदलते.

मग कोणते एकक निवडावे? वापरणाऱ्याचा व्यवसाय वाढतो तसे वाढणारे, काम पुरे होण्याच्या आड न येणारे आणि पुसून टाळता न येणारे असे ते हवे. तुमच्या बाबतीत ते ‘एकाच वेळी चालू असलेली कामे’ हे आहे, असे मला वाटते. ज्याच्याकडे एका आठवड्यात तीन क्लायंटची कामे चालू आहेत, तो हौसेखातर डिझाइन करत नाही. त्याची त्यावर कमाई चालू आहे आणि कुणी काय म्हटले हे लक्षात ठेवण्याचा त्रासही त्यालाच सर्वाधिक होतो. शिवाय चालू काम कुणी पुसत नाही, कारण क्लायंटच्या ताज्या टिपा त्यात असतात.

हा केवळ तर्क राहू नये म्हणून तुमच्या कच्च्या नोंदींवरून मी मोजणी केली. एकाच आठवड्यात हालचाल झालेले प्रोजेक्ट ‘एकाच वेळी चालू’ मानले आणि प्रत्येकाचा वर्षातला सर्वाधिक आकडा घेतला. ६१० पैकी ३३० जणांचा हा आकडा एकच आहे, १५० जणांचा दोन आहे आणि १३० जणांचा तीन किंवा अधिक आहे. पैसे भरणारे ४६ जण यांत कसे विखुरले आहेत ते पाहा. एकवाल्यांत २, दोनवाल्यांत ७ आणि तीन किंवा अधिकवाल्यांत ३७. म्हणजे वरच्या गटातले चारांत एकाहून अधिक जण आजच पैसे भरत आहेत, तर खालच्या दोन गटांतले ४८० पैकी फक्त ९. रेघ दोन आणि तीन यांच्या मध्ये आधीच ओढलेली आहे आणि ती लोकांनीच ओढली आहे. तुम्ही ती नियमात आणायची, एवढेच बाकी आहे.

आणखी एक आकडा आहे, आणि माझ्या लेखी तो याहूनही महत्त्वाचा आहे. ४६ पैकी १० जणांनी वर्षभरात पैसे भरणे बंद केले. त्यांतले ७ जण त्या खालच्या ९ मधलेच आहेत. वरच्या ३७ मधले फक्त ३ गेले. मर्यादेपाशी किती जणांनी पैसे भरले याइतकेच, भरलेले किती जण टिकले हेही बघावे लागते, नाहीतर माणसे कोंडून वसूल केलेले पैसेही यश वाटू लागतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पूर्वी मी कामाच्या तासांची नोंद ठेवणारे एक छोटे सॉफ्टवेअर चालवत होतो. तास नोंदवणे मोफत होते, पण महिन्याचा तक्ता उतरवून घ्यायचा तर पैसे भरावे लागत. लोक महिनाभर निष्ठेने नोंदी करत आणि शेवटच्या दिवशी, हिशेब पाठवायच्या घाईत, त्यांना कळे की आपल्याच नोंदी बाहेर काढायला पैसे पडतात. पुष्कळ जणांनी पैसे भरले आणि आलेख वर चढताना पाहून मी खूश होतो. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांतले बहुतेक जण गेलेले असत. एकाने जाताना लिहिले होते, “माझेच तास मला विकलेत.” ते वाक्य मी विसरलेलो नाही. तुमच्याकडे मंजुरीच्या नोंदीसाठी पैसे भरणाऱ्या ६ जणांपैकी ४ जण दुसऱ्याच महिन्यात गेले आहेत. कारण तेच असावे. मंजुरी हा वर्तुळाचा शेवटचा टप्पा आहे आणि ती नोंद उतरवून घेणे मोफत असावे. सहकारी जोडण्यासाठी पैसे भरलेल्या १३ पैकी मात्र एकही गेलेला नाही, तेव्हा ती सोय सशुल्क आहे तशीच राहू द्या.

तर नव्या खात्यांसाठी मोफत आवृत्ती अशी असावी. अभिप्राय देणारे कितीही असोत. टिपा, नवे मसुदे, मंजुरी आणि तिची नोंद हे सारे मोफत. एका वेळी दोन कामे चालू ठेवता येतील. क्लायंटने ‘मंजूर’ दाबले की ते काम आपोआप चालू कामांतून वगळले जाईल, पण टिपांसकट कायम वाचता येईल. मंजूर झालेले काम पुन्हा उघडले तर ते पुन्हा चालू कामांत मोजले जाईल. हा बारकावा पहिल्या दिवसापासून नियमात घाला, नाहीतर कामे मिटवून पुन्हा उघडण्याचा खेळ सुरू होईल. तिसरे चालू काम, सहकारी आणि स्वतःचा लोगो यांसाठी पैसे. मंजुरी न देताच गप्प झालेल्या क्लायंटचीही सोय हवी. ते काम डिझायनरला स्वतः मिटवता आले पाहिजे, अन्यथा क्लायंटच्या आळसाचा दंड त्याला बसेल. फाइलच्या आकाराची मर्यादा आहे तशी ठेवा, कारण साठवणुकीचा खर्च तुमचा आहे आणि मोफत वापरणाऱ्याचा तो भार पैसे भरणारेच उचलत असतात.

या बदलात तुम्ही काही गमावणारही आहात. अभिप्राय देणाऱ्यांच्या मर्यादेमुळे पैसे भरलेल्या १९ जणांपैकी १४ जणांची तीन किंवा अधिक कामे एकाच वेळी चालू असतात, म्हणजे तसे लोक नव्या मर्यादेपाशीही येतील. बाकीच्या ५ जणांसारखे लोक यापुढे मोफतच राहतील. दुसऱ्या बाजूला, तीन कामे चालू असूनही पैसे न भरणारे आज ९३ जण आहेत. तशा लोकांपैकी सहांत एकाने जरी पुढे पैसे भरले तरी ते १५ होतात. हा अंदाज आहे आणि तो चुकू शकतो, पण ५ च्या बदल्यात १५ ची शक्यता मी घेईन.

त्या मर्यादेपाशी दिसणारे शब्दही बदला. आज तेथे ‘मर्यादा संपली, अपग्रेड करा’ एवढेच लिहिलेले आहे. त्याऐवजी चालू असलेल्या दोन्ही कामांची नावे दाखवा आणि लिहा, “ही दोन कामे सध्या चालू आहेत. यांतले एखादे पूर्ण झाले असेल तर मिटवा, टिपा जपून राहतील. तिसरे काम आजच सुरू करायचे असेल तर सशुल्क आवृत्ती घ्या.” माणसाला आपल्या समोरच्या दोन्ही वाटा दिसतात आणि पैसे भरणे ही त्याची स्वतःची निवड राहते. आणखी एक गोष्ट सांभाळा. ही सूचना फक्त डिझायनरला दिसावी, लिंक उघडून बसलेल्या त्याच्या क्लायंटला ती कधीही दिसू नये.

जुन्या खात्यांना हा नियम लावू नका. त्यांना अभिप्राय देणाऱ्यांची मोकळीक द्या आणि एका वेळी तीन चालू कामे ठेवू द्या, म्हणजे त्यांच्या हातातले काहीच काढून घेतले जाणार नाही. ड्रॉपबॉक्सने मार्च २०१९ मध्ये मोफत खात्यांना तीन उपकरणांची मर्यादा घातली, तेव्हा आधीपासून जोडलेली जास्तीची उपकरणे तशीच चालू ठेवली होती. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत आवृत्ती ५० टिपणांवर आणि एका वहीवर आणली, आणि ती मर्यादा जुन्या खात्यांनाही लागू झाली. ज्याच्याकडे शेकडो टिपणे होती त्याची ती टिपणे शाबूत राहिली, पण त्याला नवे टिपण करता येईना. एवढ्या मोठ्या कंपनीला असे वागणे कदाचित परवडत असेल. तुमच्या ६१० माणसांपैकी प्रत्येक जण आपल्या क्लायंटला तुमची लिंक पाठवणारा आहे, त्याला दुखवून तुमचे चालणार नाही.

आता परिणाम कसा तपासायचा ते पाहू. अर्ध्या लोकांना जुना नियम आणि अर्ध्यांना नवा, अशी तुलना करण्याचा विचार तुमच्या मनात येईल, पण ती करू नका. तुमच्याकडे महिन्याला सुमारे ५० जणच वर्तुळ पूर्ण करतात. त्यांचे दोन भाग केले तर प्रत्येक भागात महिन्याकाठी दोनतीनच पैसे भरणारे येतील आणि एवढ्या लहान आकड्यांतला फरक योगायोगानेही पडतो. सर्व नव्या खात्यांना एकदम नवा नियम लावा आणि चार महिने थांबा. तेवढ्या काळात साधारण २०० जण वर्तुळ पूर्ण करतील. पहिल्या कामातली आडकाठी गेल्यामुळे कदाचित थोडे जास्तच, आणि ते जास्त होतात का हीच पाहण्याची पहिली गोष्ट. या २०० पैकी ४० च्या आसपास लोक नव्या मर्यादेपाशी यायला हवेत. तेथे आलेल्या प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात काय केले, याची नोंद ठेवा. पैसे भरले, जुने काम मिटवून पुढे गेला, वाट पाहिली, की निघून गेला. सहा ते आठ जणांनी पैसे भरले तर रेघ योग्य जागी आहे. तिघांहून कमी जणांनी भरले आणि बहुतेकांनी कामे मिटवून निभावून नेले, तर तिसऱ्या कामाची निकड मी समजतो तेवढी नाही, असे समजा आणि मला पुन्हा लिहा. आणि निम्म्याहून अधिक जण निघूनच गेले, तर मात्र चार महिने पुरे होण्याची वाट न पाहता मर्यादा तीनवर न्या.

नियम बदलण्याआधी एक आठवडा त्या ९३ जणांसाठी राखून ठेवा. त्यांतल्या दहा जणांना स्वतः फोन करा, भागीदारालाही शेजारी बसवून घ्या. ‘पैसे का भरत नाही’ असे विचारू नका, कारण त्याला लोक सभ्य पण निरुपयोगी उत्तर देतात. चौथे काम आले त्या दिवशी नेमके काय केलेत, एवढेच विचारा. कुणी पुसले असेल, कुणी दुसऱ्या ईमेलने नवे खाते उघडले असेल, कुणी ते काम ईमेलवरच उरकले असेल. दुसरे खाते उघडणारे दहांत तिघे-चौघे निघाले, तर ‘एका वेळी दोन’ ही मर्यादाही तशीच टाळली जाईल, आणि मग एकाच क्लायंटची लिंक दोन खात्यांतून जाते आहे का हे आधी तपासावे लागेल.